मला सोडून गेले, मग मी सरळ विचारलं

आपल्याला सोडून मित्रमंडळी फिरायला गेली हे आजकाल कोणी येऊन सांगत नाही, ते स्टेटसवरून कळतं. मलाही तसंच कळलं. रविवारी संध्याकाळी लोळत पडले होते, अंगठ्याने एकेकाचं स्टेटस पुढे ढकलणं चालू होतं, आणि लंबूच्या स्टेटसला गाडीच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने कोंबलेले आमच्याच ग्रुपमधले चेहरे. पुढचं स्टेटस काकूचं, त्यात तेच सगळे कुठल्यातरी तलावाच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसलेले. मी परत मागे जाऊन पहिलं बघितलं, मग दुसरं, मग तारीख जुनी आहे का ते बघितलं (स्टेटसला जुनी तारीख कशी असेल, पण त्या वेळी डोकं चालत नाही).

आमचा ग्रुप जुन्या ऑफिसातला. ऑफिस एकेकाने सोडलं पण ग्रुप राहिला. मास्तर म्हणजे जो सगळं ठरवतो, गाड्या, वेळ, कोण कोणाला कुठून घेणार वगैरे. काकू वयाने सगळ्यात लहान, पण प्रत्येकाला घरी पोचल्यावर मेसेज करायला लावणारी म्हणून काकू. लंबू का ते वेगळं सांगायला नको.

तर पोटात खड्डा पडला. आणि लगेच स्वतःच स्वतःला म्हणायला लागले की अगं एवढं काय त्यात, शाळेतली मुलगी आहेस का. पण ह्या गोष्टीवर मी आधी एकदा वाचलं होतं ते आठवलं आणि जरा बरं वाटलं. किपलिंग विल्यम्स नावाचा एक मानसशास्त्रज्ञ आहे, तो एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता, तिथे दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती आणि ती घरंगळत ह्याच्याकडे आली. ह्याने परत टाकली, त्यांनी पुन्हा ह्याच्याकडे टाकली, असं थोडा वेळ चाललं आणि मग ते दोघं आपापसातच खेळायला लागले, ह्याच्याकडे टाकेनात. ना ओळख ना पाळख, तरी त्याला जाम वाईट वाटलं. त्यातून त्याने पुढे कॉम्प्युटरवरचा एक चेंडूफेकीचा खेळच तयार केला, सायबरबॉल, ज्यात तिसऱ्या खेळाडूकडे चेंडू येणं हळूच बंद होतं, आणि नंतरच्या एका प्रयोगात लोकांना आधीच सांगितलं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय, तरीसुद्धा त्यांना डावललं गेल्यासारखं वाटलं. म्हणजे समोर माणूस नसतानासुद्धा लागतं, मग इथे तर काकू होती. तेव्हा वाईट वाटणारच, ते वाटू द्यायचं. फक्त त्या पहिल्या झटक्यात फोनवर काही टाइप करायचं नाही एवढं पथ्य मी पाळलं.

मग मी जे केलं त्याला कोणी हेरगिरी म्हणेल, पण मला ते गरजेचं वाटतं, कारण आधी नक्की काय झालंय ते कळल्याशिवाय काय मागायचं तेच कळत नाही. मोजदाद केली. सगळे गेले आणि फक्त मी नाही, की काही जण गेले आणि काही नाही? ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चौघं मिळून कुठे गेले तर तो त्यांचा प्लॅन, त्यात मला विचारायलाच हवं असं काही नाही, लंबू आणि मास्तर दोघंच दर थोड्या दिवसांनी कुठेतरी सायकली घेऊन जातात त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण इथे फोटोंमधून कळलं की जे गावात आहेत ते जवळजवळ सगळे होते. नव्हते कोण, तर एक परदेशात राहणारा, एक जिचं बाळ अगदी तान्हं आहे ती, आणि मी. म्हणजे ज्यांना यायला जमणारच नाही अशांच्या रांगेत मला नेऊन बसवलं होतं. हे लक्षात आल्यावर राग थोडा कमी झाला आणि उत्सुकता वाढली, की मला ह्या रांगेत टाकलं कोणी आणि कधी.

दुसरी गोष्ट, आमच्या मेन ग्रुपवर त्या दिवशी काहीच नव्हतं. एरवी कोणी नुसतं पावसाचा फोटो काढला तरी आधी ग्रुपवर येतो, कुठे गेलो की त्याच रात्री शे-दोनशे फोटोंचा ढिगारा पडतो. इथे स्टेटसवर फोटो आणि ग्रुपवर चिडीचूप. ह्याचा अर्थ ढिगारा दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवर पडला. म्हणजे दुसरा ग्रुप आहे. हे कळलं तेव्हा खरंतर फोटोपेक्षा जास्त लागलं, कारण एक ट्रिप चुकणं वेगळं आणि जिथे ट्रिपा ठरतात ती जागाच आपल्याला माहीत नसणं वेगळं.

पण स्टेटसवर उघड टाकलंय हेही लक्षात घ्या. ज्यांना लपवायचं असतं ते स्टेटस मला दिसू नये अशी सेटिंग करतात, किंवा टाकतच नाहीत. काकूने तर बिनधास्त टाकलेलं. त्यामुळे मुद्दाम टाळलं असण्याची शक्यता मी जरा खालीच ठेवली. शंभर टक्के खात्री नाही, पण विचारायला पुरेसं.

आता विचारायचं म्हणजे काय विचारायचं, तर इथे माझा बराच वेळ गेला आणि मला वाटतं सगळा खेळ इथेच आहे. मी नोट्समध्ये लिहून बघत होते, चॅटमध्ये नाही, कारण चॅटमध्ये लिहिताना बोट चुकून सेंडवर पडतं आणि शिवाय समोरच्याला टायपिंग टायपिंग दिसत राहतं.

पहिलं जे लिहिलं ते असं, “वा, मस्त फोटो, मजा केलीत वाटतं!” हे सगळ्यांच्या बोटावर येतं. वाचायला गोड आणि आत टोमणा. ह्याचा प्रॉब्लेम असा की समोरचा त्याला हवं ते वाचू शकतो. त्याने फक्त वरचं वाचलं तर एक बदाम पाठवेल आणि विषय संपला, मी मात्र त्या बदामाकडे बघत बसणार. आणि आतलं वाचलं तरी तो न वाचल्यासारखं करू शकतो, मीच तशी सोय करून दिलेली असते. टोमण्यातून कधीच कोणाला ट्रिपला नेलेलं मी बघितलं नाहीये.

दुसरं, “मला का नाही बोलावलं?” हा सरळ प्रश्न आहे, आणि सरळ बरा असं मलाही वाटत होतं, पण मग मी मास्तरच्या जागी बसून उत्तर द्यायला गेले तर मला दोनच उत्तरं सुचली, एक सबब आणि एक सॉरी. तिसरं काही सुचेना. आणि मला दोन्ही नको होतं! सॉरीचं मी काय करू, मला पुढच्या वेळी गाडीत जागा हवी होती. “का” विचारलं की बोलणं मागे जातं, झालेल्या रविवारात, आणि झालेल्या रविवारात आता कोणालाच काही करता येत नाही.

तिसरं तर मोठा निबंधच होता. त्यात “मला कळतं की तुम्हाला तुमचं आयुष्य आहे” पासून “मी कधी कोणाला असं केलं नसतं” पर्यंत सगळं होतं आणि मध्ये चार वर्षांपूर्वीचा एक वाढदिवसही आला होता. तो मी लिहून मोकळी झाले आणि पुसून टाकला. लिहिल्याचा उपयोग झाला, पाठवण्याचा झाला नसता. लांब मेसेज आला की माणूस आधी घाबरतो, मग दुसऱ्याला स्क्रीनशॉट पाठवून विचारतो की आता हिला काय उत्तर देऊ, आणि मग त्या न दिसणाऱ्या ग्रुपवर आपलीच चर्चा.

शेवटी पाठवलं ते एवढंच. “मास्तर, रविवारचे फोटो बघितले. मलाही यायला आवडलं असतं. पुढचं काही ठरत असेल तर मलाही विचार, जमेल की नाही ते मी सांगेन.”

ह्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि ते सगळ्यात शेवटी सुचलं. कारण तोपर्यंत मला अंदाज आला होता की मला कोणी नको म्हटलेलं नाही, माझ्या वतीने कोणीतरी परस्पर नाही म्हणून टाकलंय. हिला नाही जमणार, हिची आई असते, हिला रविवारी कामं असतात. म्हणून मी “बोलावा” असं नाही लिहिलं, “विचार” असं लिहिलं आणि ठरवण्याचं काम माझ्याकडे परत घेतलं. शिवाय त्यात त्यांनाही अडचण नाही, प्रत्येक वेळी मला न्यायचंच असं बंधन नाही, नुसतं विचारायचंय. एवढं कोणालाही करता येतं. आणि “फोटो बघितले” हे पहिलं वाक्य मुद्दाम ठेवलं, नाहीतर मला कुठून कळलं, कोणी सांगितलं, काकूने सांगितलं का, असा वेगळाच तपास तिकडे सुरू होतो आणि बिचारी काकू अडकते.

कोणाला पाठवायचं ह्याचाही विचार केला. काकू माझी सगळ्यात जवळची, मन मोकळं करायला तीच बरी, पण काकू ट्रिप ठरवत नाही. तिला सांगितलं असतं तर ती रडवेली झाली असती, मग तिने मास्तरला सांगितलं असतं आणि माझी गोष्ट तिच्या तोंडून, जरा मीठमसाला लागून त्याच्यापर्यंत गेली असती. जो डोकी मोजतो त्यालाच विचारायचं, म्हणजे मास्तर. ग्रुपवर तर अजिबात नाही. ग्रुपवर विचारलं की एकाच वेळी सगळे आरोपी होतात, पहिलं उत्तर कोण देणार ह्याची वाट बघत सगळे गप्प बसतात, आणि ती शांतता आपण आपल्याविरुद्धच वाचतो.

फोन की मेसेज, तर मी मेसेज केला. फोनवर माणसाला तिथल्या तिथे बोलावं लागतं आणि तिथल्या तिथे जे बोललं जातं ती बहुतेक सबबच असते. मेसेजला त्याला दम खायला वेळ मिळतो. आणि तोही त्या रविवारी रात्री नाही केला. रात्री सगळे दमून भागून आनंदात असतात, तेव्हा असला मेसेज म्हणजे त्यांच्या ट्रिपवर पाणी. पण फार लांबवायचं पण नाही, कारण महिन्याभराने विचारलं की मग असं दिसतं की बाई महिनाभर हेच उगाळत बसली होती. (बसली असेल तरी दिसू नये.) मी एक-दोन दिवस जाऊ दिले आणि संध्याकाळी, साधारण तो कामावरून घरी पोचल्यावर, पाठवला.

निळ्या टिका आल्या. टायपिंग आलं. गेलं. परत आलं, परत गेलं. मी फोन उलटा ठेवला आणि भांडी घासायला गेले, कारण ते टायपिंग बघत बसणं हा छळ आहे.

परत आले तर उत्तर होतं, “अगं सॉरी यार, अचानक ठरलं आणि गाडीत जागाच नव्हती.”

आता गाड्या दोन होत्या. लंबूच्या फोटोत मागे काकूच्या गाडीचं बोनेट स्पष्ट दिसत होतं, आणि काकूच्या गाडीत मागच्या सीटवर बॅगा बसल्या होत्या, माणसं नाही, हेही मी झूम करून बघितलेलं. तर इथे माझा हात शिवशिवला. दुसऱ्या गाडीचं काय रे, असं लिहावंसं वाटलं. नाही लिहिलं. पहिलं उत्तर हे पहिलं उत्तर असतं, माणूस पकडला गेला की हाताला लागेल ते पुढे करतो, त्यात तो वाईट असतो असं नाही. त्याला मी खोटं पाडलं असतं तर मी जिंकले असते आणि पुढच्या वेळी मला टाळण्याचं खरं कारण त्याला मिळालं असतं. मी लिहिलं, “बरं. पुढच्या वेळी विचार मात्र.” एवढंच, स्मायली पण नाही, कारण स्मायली टाकली की मागणी गंमतीत जाते.

रात्री त्याचा फोन आला.

“अगं, राग आलाय का तुला?”

“राग नाही रे, वाईट वाटलं. आणि मला यायचं असतं, ते तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.”

मग जरा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग तो स्वतःच म्हणाला की जागेचं काही नव्हतं. झालं होतं ते असं. मागच्या वर्षी डोंगरावर जायचं ठरलं तेव्हा माझ्या आईचं ऑपरेशन होतं, मी नाही म्हटलं होतं. मेन ग्रुपवर सारखी निघायच्या वेळांची, बुटांची, टॉर्चची बडबड नको म्हणून मास्तरने येणाऱ्यांचा वेगळा ग्रुप काढला. जे येणार नव्हते त्यांना उगाच कशाला मेसेजचा त्रास, म्हणून आम्हाला त्यात घेतलं नाही, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. ट्रिप झाली, पण ग्रुप कोणी बंद केला नाही. त्यावर फोटो आले, मग त्या फोटोंवर जोक, मग कोणीतरी म्हणालं परत जाऊया, आणि परत जायचं ठरलं तेही तिथेच. तिसऱ्यांदापर्यंत तो ग्रुपच फिरायचा ग्रुप झाला होता.

“मला वाटलं तुला नाहीच जमणार,” तो म्हणाला. “तुला विचारलं की तू आईमुळे नाही म्हणणार, मग तुलाच उगाच वाईट वाटणार. म्हणून मीच म्हटलं नको.”

“अरे आई कधीच बरी झाली. ती स्वतः तिच्या मैत्रिणींबरोबर फिरायला जाते, घरी मीच असते.”

ह्यावर तो हसला आणि मलाही हसू आलं, आणि मला वाटतं जे काही मिटायचं होतं ते तिथे मिटलं.

मला ह्यातलं सगळ्यात विचार करण्यासारखं हेच वाटलं की कोणीच काही ठरवलं नव्हतं. “हिला नको” असं एकदाही कोणी म्हटलं नव्हतं. एका ट्रिपसाठी काढलेली यादी पुढे आपोआप चालू राहिली, आणि यादी करणाऱ्याला दरवेळी सगळे दिसतच असतात, कारण जे नाहीत ते त्या स्क्रीनवर नाहीतच ना. आत असलेल्याला तो ग्रुप पूर्ण वाटतो. नंतर काकू म्हणाली की तिने एकदा मास्तरला विचारलंही होतं, हिला सांगितलंय ना, आणि लंबू म्हणाला हो हो सांगितलं असेल, आणि मास्तरला वाटलं काकूच सांगेल, तीच जवळची. अशी माझी फाइल तीन टेबलांवर फिरली आणि कोणीच सही केली नाही. हे असं असतं तेव्हा बाहेरच्या माणसाने तोंड उघडल्याशिवाय ते आपोआप सुधारत नाही, कारण आतल्या कोणाला काही बिघडलंय हेच माहीत नसतं.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत त्याने मला त्या ग्रुपमध्ये अॅड केलं. ग्रुपचं नाव अजून तेच, डोंगराचं आणि मागच्या वर्षाचं. आत गेल्यावर माझ्या बाजूला सगळं कोरं, जुना एकही मेसेज नाही, फक्त वर बारीक अक्षरात मला कोणी अॅड केलं ते. एवढी वर्षं ज्यांना ओळखते त्यांच्या घरात नवीन भाडेकरू म्हणून आल्यासारखं वाटलं. आणि ग्रुपवर शांतता. सगळ्यांनी बघितलेलं, कोणी काही बोलेना. मग लंबूने हात जोडलेलं एक स्टिकर टाकलं, काकूने तीन बदाम टाकले आणि मला पर्सनलवर लगेच, “सॉरी सॉरी सॉरी मला खूप गिल्टी वाटतंय.”

ह्या सॉरीचं काय करायचं ते अवघड असतं. ती इतकं सॉरी म्हणायला लागली की मीच तिची समजूत घालायला लागले, अगं नाही गं, काही नाही गं, होतं असं. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की आता मी म्हणतेय काही झालंच नाही, आणि झालं तर होतं. मग मी लिहिलं की वाईट वाटलं होतं, आता ठीक आहे, आणि पुढचं कधी ठरतंय ते सांग. तिला पण ते सोपं गेलं, लगेच तारखांवर आली.

ग्रुपवर मी मुद्दाम “थँक्यू मला घेतल्याबद्दल” असलं काही लिहिलं नाही. त्याने मी पाहुणी होते. मी थोडा वेळ थांबून विचारलं की फोटोंची लिंक आहे का, तलाव कुठला होता, आणि मग त्यावर बोलणं सुरू झालं आणि तो अवघड वेळ निघून गेला. आणखी एक, मी काही देऊही केलं नाही. मनात आलं होतं की म्हणावं पुढच्या वेळी मी गाडी काढते, सगळं बुकिंग मी करते. पण लगेच असं काही पुढे केलं की ते प्रवेश फी भरल्यासारखं होतं, आणि मग गाडी नसेल त्या वेळी आपण कोण? नंतर दोन ट्रिपांनंतर मी गाडी काढलीच, ते वेगळं.

पुढची ट्रिप लगेच नाही झाली. मध्ये एक तारीख ठरून मोडली आणि तेव्हा माझ्या मनात आलंच की मी आल्यामुळे मोडली का. तर नाही, लंबूच्या पाठीत उसण भरली होती. असली शंका थोडे दिवस येत राहते, तिला दरवेळी उत्तर द्यायला जायचं नाही. मग एकदा झाली. गाडीत बसल्यावर पहिला तासभर मला अर्ध्या गोष्टी कळत नव्हत्या, “टॉर्चवाला” म्हटलं की सगळे खो खो हसायचे आणि मी हसू की नको अशी. काकू प्रत्येक जोक झाला की मला मागचं पुढचं समजावून सांगायला लागली, आणि समजावलेला जोक कसा लागतो माहितीये. शेवटी मी म्हटलं अगं राहू दे, मी नवीन जोकपासून सुरू करते. दुपारपर्यंत मास्तर चप्पल घालून चिखलात रुतला, चप्पल आतच राहिली, आणि आमच्याकडे माझ्यासकट सगळ्यांचा नवीन जोक तयार झाला.

त्या ट्रिपला मी तो जुना रविवार काढला नाही. एकदा लंबू म्हणाला की मागच्या वेळी तू नव्हतीस ना, आणि सगळे एकदम गप्प झाले, मी म्हटलं हो, नव्हते, कसा होता तलाव? आणि तो सांगायला लागला. तिथे टोमणा मारला असता तर हशा आला असता, पण पुढच्या वेळी मला बघून सगळे शब्द तोलायला लागले असते.

सगळीकडे हे असंच जमतं असं मात्र नाही. ह्याआधी एका क्लासच्या ओळखीच्या बायकांमध्ये मला असंच झालं होतं, त्या क्लासनंतर एकत्र कुठेकुठे जायच्या, मी तिथेही बोलून दाखवलं होतं, बऱ्यापैकी ह्याच शब्दांत. उत्तर लगेच आलं, गोड, “अगं हो हो, नक्की, तुला पण घेऊच!” आणि मग काही नाही. थोड्या दिवसांनी मी एक ठरावीक शनिवार पकडून विचारलं की तुम्ही जाताय का, मला मोकळा आहे, तर “बघू गं, अजून ठरलं नाहीये, सांगते” आणि त्या शनिवारी त्या गेल्या. तिथे मी थांबले. फरक कसा ओळखायचा तर मला आता असं वाटतं की पहिलं उत्तर सबब आहे की नाही ह्यावर काही ठरत नाही, मास्तरचीही सबबच होती. त्यानंतर समोरचा आपणहून काही करतो का ते बघायचं. मास्तरने त्याच रात्री फोन केला, अॅड केलं. क्लासमधल्यांकडून तारीख नाही, जागा नाही, नुसतं नक्की. एकदा मोघम आणि एकदा नेमकं विचारून झालं की तिसऱ्यांदा विचारण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्यांना मी नको होते, आणि तो त्यांचा हक्क आहे, वाईट वाटलं ते माझं. क्लास मी चालूच ठेवला, क्लास चांगला होता.

आता आमच्यात काही ठरायचं असलं की मास्तर मेन ग्रुपवर पोल टाकतो, येणार, नाही येणार, बघू. तान्हं बाळवाली दरवेळी “बघू” दाबते आणि येत नाही, पण दाबते. सायकलवाले दोघं अजून दोघंच जातात, त्यांचे फोटो दिसतात, मी लाइक करते आणि पुढे जाते.

आणि पोल सुरू झाल्यावर त्या परदेशातल्याचा मला मेसेज आला. त्याला त्या दुसऱ्या ग्रुपचं तेव्हाच कळलं. म्हणे मला कुठे यायला जमतंय, पण मी सुट्टीवर येतो तेव्हाचं तरी मला विचारायला पाहिजे होतं ना, गेल्या वेळी दोन आठवडे होतो. मी म्हटलं मला नको सांगू, मास्तरला सांग. तर त्याने लिहिलेला मेसेज आधी मला तपासायला पाठवला. सुरुवातच “आम्ही काय आता तुमच्या गणतीत नाही” अशी होती. पहिल्या चार ओळी काढ म्हटलं, आणि सुट्टीच्या तारखा टाक.